दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जबडा ठणकतोय: ड्राय सॉकेट की इन्फेक्शन?

दाढ काढल्यावर पहिले दोन दिवस ठरल्यासारखे जातात. सूज येते, ती उतरू लागते, मऊ वरणभात घशाखाली जातो, दुपारची गोळी घ्यायची राहून गेली तरी चालते. आणि मग तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री जबडा ठणकू लागतो. उशीला गाल टेकवत नाही. कळ कानात जाते, कानशिलात जाते, कधी खालची अख्खी अर्धी बाजू दुखते आणि कोणता दात दुखतोय तेच कळेनासे होते. आधी घेतलेली गोळी जेमतेम दोन तास पुरते.

घरात यावर एकच निदान होते: इन्फेक्शन. सकाळी मेडिकलमधून अँटिबायोटिकचे पाकीट येते, तीन दिवस ठणका तसाच राहतो, मग ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून दुसरे पाकीट येते. वास्तविक मधे बरे वाटून नंतर अचानक उसळणारा, ताप आणि वाढती सूज नसलेला ठणका बहुतेक वेळा ड्राय सॉकेटचा असतो, म्हणजे दाढेच्या रिकाम्या खड्ड्यातली रक्ताची गाठ वेळेआधी जाऊन हाड उघडे पडल्याचा. त्यावर अँटिबायोटिक काम करत नाही. त्याला खड्ड्यात ठेवायचे औषधी ड्रेसिंग लागते, आणि ते बसले की बहुतेकांना काही मिनिटांत ते तासाभरात उतार पडतो. उलटी चूकही होते आणि ती जास्त महाग पडते. खरोखर इन्फेक्शन असताना ‘दाढ काढलीय, दुखणारच’ असे म्हणत दोन दिवस घालवले, तर सूज जबड्याखालून गळ्याकडे उतरू शकते.

हे दोन प्रकार घरच्या घरी बऱ्यापैकी वेगळे करता येतात. पुढचे सगळे खालच्या अक्कलदाढेला धरून लिहिले आहे, कारण ड्राय सॉकेट सर्वांत जास्त तिथेच होतो. साधा दात काढल्यावर साधारण शंभरात १ ते ५ जणांना तो होतो, खालची अक्कलदाढ काढल्यावर हे प्रमाण कितीतरी वाढते. इतर दातांनाही हीच पद्धत लागू पडते.

खड्ड्यात काय बिघडते

दाढ निघाली की हाडात तिच्या मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. तो रक्ताने भरतो आणि त्या रक्ताची गाठ होते. ही गाठ म्हणजे हाडावरची झाकणपट्टी. तिच्याखाली हाडाच्या भिंतीतली मज्जातंतूंची टोके सुरक्षित राहतात आणि तिच्यातूनच आठवडाभरात नवी मऊ ऊती वाढू लागते.

ड्राय सॉकेटमध्ये ही गाठ वेळेआधी नाहीशी होते आणि हाड उघडे पडते. लाळ, हवा, अन्नाचे कण, गार पाणी, सगळे थेट हाडाला लागते. ठणका येतो तो या उघड्या हाडाच्या दाहातून. म्हणूनच तो इतका तीव्र असूनही बाहेरून गाल जवळपास नेहमीसारखा दिसतो.

गाठ जाते कुठे? चूळ जोरात भरली किंवा स्ट्रॉने ओढले म्हणून ती निसटली, असे सांगितले जाते आणि काही वेळा तसे होतेही. पण बरेचदा ती आतूनच विरघळते. दाढ काढताना हाडाला जितका मार बसतो, तितके रक्ताची गाठ विरघळवणारे घटक त्या हाडातून आणि हिरडीतून जास्त सुटतात. दाढ आडवी होती, हाड कापावे लागले, अर्धा तास झटापट झाली, अशा वेळी ड्राय सॉकेट जास्त होतो तो यामुळे. गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने गाठ विरघळण्याची प्रक्रिया वाढते. सिगारेट-बिडीमुळे रक्तपुरवठा आखडतो आणि झुरक्याने ओढही बसते. त्या दाढेभोवतीची हिरडी आधी वारंवार सुजत असेल किंवा मागच्या वेळी ड्राय सॉकेट झाला असेल, तरी धोका वाढतो. तेव्हा सगळी काळजी घेऊनही ड्राय सॉकेट झाला, तर ‘मी काहीतरी चुकलो’ असे मानून कुढण्याचे कारण नाही.

इन्फेक्शनची गोष्ट वेगळी आहे. तिथे जंतू खड्ड्यात किंवा शेजारच्या मऊ ऊतींत वाढत असतात, शरीर त्यांच्याशी झगडत असते, आणि त्या झगड्याच्या खुणा दिसतात: सूज, लाली, पू, ताप, मानेत दुखऱ्या गाठी, तोंड उघडायला त्रास. ड्राय सॉकेटमध्ये दुखणे मोठे आणि बाकी खुणा थोड्या. इन्फेक्शनमध्ये दुखण्याच्या बरोबरीने बाकीच्या खुणाही वाढत जातात.

घरी करायच्या पाच तपासण्या

टॉर्च, छोटा आरसा, थर्मामीटर आणि कागद-पेन घ्या. पंधरा मिनिटे लागतात. शक्यतो पुढची वेदनाशामक गोळी घेण्याच्या अगदी आधी हे करावे. पॅरासिटामॉल असो वा आयबुप्रोफेन, दोन्ही ताप उतरवतात. गोळी घेतल्यावर दोन तासांनी मोजलेला ‘ताप नाही’ हा निष्कर्ष फसवा असतो, आणि दाढ काढलेली व्यक्ती दिवसभर अशा गोळ्यांवरच असते.

पहिली तपासणी तारखांची. दाढ काढली तो दिवस शून्य धरा. त्यापुढे रोजचे दुखणे दहापैकी किती होते, ते आठवून लिहा. नेहमीच्या भरण्यात हा आकडा पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि रोज थोडा थोडा उतरतो. ड्राय सॉकेटमध्ये तो आधी उतरतो आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास एकदम वर जातो. आठवड्यानंतर नव्याने ड्राय सॉकेट सुरू होणे फार क्वचित घडते. दहाव्या दिवशी किंवा तिसऱ्या आठवड्यात दुखणे उलटले, तर संशय इन्फेक्शनचा धरावा. खालच्या अक्कलदाढेत दोन ते चार आठवड्यांनी, सगळे विसरून गेल्यावर, गाल पुन्हा सुजण्याचा प्रकार माहितीतला आहे. हिरडीच्या घडीखाली अडकलेले अन्न त्याला अनेकदा कारणीभूत असते.

दुसरी तपासणी तापाची. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणे, अंग मोडून येणे ही ड्राय सॉकेटची लक्षणे नाहीत. पहिल्या दिवसाची किंचित कणकण मोजायची नाही. पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ताप आहे, पण जबड्याला सूज नाही आणि डोळ्यांमागे किंवा सांध्यांत दुखते आहे, तर डेंग्यू-मलेरियाचाही विचार झाला पाहिजे. अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद करावे आणि डॉक्टरांना दाढेचीही माहिती द्यावी.

तिसरी तपासणी सुजेची, आणि ती सर्वांत जास्त सांगते. शस्त्रक्रियेने दाढ काढल्यावर सूज ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढते, हे नेहमीचेच आहे. त्यानंतर ती उतरलीच पाहिजे. आरशासमोर सरळ उभे राहून दोन्ही गालांचा मोबाइलवर फोटो काढा आणि कालच्याशी ताडून पाहा. मग बोटांनी जबड्याच्या खालच्या कडेखाली हलके चाचपा. चौथ्या दिवशी सूज तिसऱ्या दिवसापेक्षा मोठी आहे, कडक लागते, वरची कातडी गरम आणि लाल आहे, किंवा सूज गालातून हनुवटीखाली सरकली आहे, यांपैकी काहीही असेल तर ड्राय सॉकेटचा विचार बाजूला ठेवावा.

चौथी तपासणी तोंड किती उघडते याची. आपलीच बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये किती मावतात ते पाहा. एरवी साधारण तीन मावतात. खालची दाढ काढल्यावर पहिले काही दिवस दोनच मावणे समजण्यासारखे आहे, पण हे माप दिवसागणिक सुधारायला हवे. काल दोन बोटे आणि आज एक, असा उलटा प्रवास दिसला तर आतल्या स्नायूंपर्यंत सूज पोहोचत असल्याची शंका घ्यावी.

पाचवी तपासणी खड्डा पाहण्याची. ती मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण लोक सुरुवात इथून करतात आणि इथेच फसतात. कोमट पाणी तोंडात घेऊन मान तिरकी करा, पाणी खड्ड्यावर येऊ द्या आणि आपोआप बाहेर पडू द्या. मग टॉर्च मारून पाहा. खड्ड्यात काळसर लाल गाठ असेल तर चांगले. त्यावर पांढुरका-पिवळसर, चिकट थर असेल तर तोही बहुतेक वेळा चांगलाच. तो पू नसून जखम भरताना येणारा फायब्रिनचा पडदा असतो, आणि तो ‘घाण’ समजून टूथपिकने खरवडला की आपल्याच हाताने हाड उघडे पडते. ड्राय सॉकेटमध्ये खड्डा रिकामा दिसतो, तळाशी किंवा भिंतीला राखाडी-पांढरे कोरडे हाड दिसते, आत अन्नाचे कण असतात, आणि तोंडाला ओशट, कुजकी चव आणि वास येतो. पू मात्र वाहतो. शेजारची हिरडी हलकी दाबली की पिवळा, घट्ट द्रव बाहेर येतो आणि पुन्हा पुन्हा जमतो. नुसता वास दोन्हींत येतो, त्यामुळे वासावरून निदान करू नये. टाके घातले असतील तर खड्डा नीट दिसतच नाही. अशा वेळी पहिल्या चार तपासण्यांवर भिस्त ठेवावी. आत काडी, सेफ्टी पिन किंवा बोट घालून पाहू नये.

एका उदाहरणावरून

समजा, ३२ वर्षांची एक स्त्री आहे. सोमवारी सकाळी तिची खालची उजवी अक्कलदाढ हाड थोडे कापून काढली, दोन टाके घातले. ती गर्भनिरोधक गोळ्या घेते. दुखण्याचे आकडे असे: सोमवारी ६, मंगळवारी ४, बुधवारी ३ आणि सूज सर्वांत मोठी. गुरुवारी सकाळी २. गुरुवारी रात्री अकरा वाजता एकदम ८, कळ उजव्या कानापर्यंत.

शुक्रवारी पहाटे सहा वाजता, गोळीच्या आधी, ताप ९८.४. बुधवारच्या फोटोशी तुलना करता गाल लहान झालेला. जबड्याखाली चाचपले तर मऊ. तोंडात दोन बोटे मावतात, बुधवारीही दोनच मावत होती. गिळताना त्रास नाही. टाक्यांच्या मधल्या फटीत करडी पोकळी दिसते आणि वास येतो. हा ड्राय सॉकेट आहे असे समजून शुक्रवारीच दाढ काढलेल्या दंतवैद्यांकडे जायचे. रात्री अपरात्री कुणाला उठवण्याची ही वेळ नाही, पण सोमवारपर्यंत ताटकळत बसण्याचीही नाही.

आता याच उदाहरणातली काही उत्तरे बदलू. शुक्रवारी पहाटे ताप १०१. सूज बुधवारपेक्षा मोठी आणि जबड्याच्या कडेखाली दगडासारखी. तोंडात एकच बोट मावते आणि थुंकी गिळताना घसा दुखतो. दुखण्याचा आकडा इथे ८ ऐवजी ५ असू शकतो. म्हणजे दुखणे कमी, पण धोका कितीतरी जास्त. इथे सकाळचा दवाखाना उघडण्याची वाट पाहायची नाही.

दुखणे किती आहे यावरून घाई ठरवण्याची सवय माणसाला असते. या एका बाबतीत ती सोडावी लागते. घाई सूज, तोंडाचे माप आणि गिळणे यांवरून ठरते.

ड्राय सॉकेट असेल तर: आजची रात्र

प्रौढ माणसाला, पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामक गोळ्यांनी दमा उसळण्याचा पूर्वेतिहास, रक्त पातळ करणारे औषध किंवा गरोदरपण यांपैकी काही नसेल, तर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम काही खाऊन घ्यावे आणि त्यासोबतच पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम घ्यावे. दोन्ही वेगळ्या मार्गांनी काम करतात, म्हणून एकत्र घेतल्यावर एकट्या कुठल्याहीपेक्षा जास्त आराम पडतो. पुन्हा घेताना आयबुप्रोफेन ८ तासांनी, पॅरासिटामॉल ६ तासांनी. पॅरासिटामॉल २४ तासांत ३ ग्रॅमच्या आत ठेवावे. यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर किती घ्यायचे ते डॉक्टरांनाच विचारावे.

आपल्याकडे खरी चूक मात्रेत कमी आणि नावांत जास्त होते. दंतवैद्यांनी लिहून दिलेल्या गोळीत बरेचदा दोन औषधे एकत्र असतात, उदाहरणार्थ अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. रात्री ठणका वाढला की घरातली दुसऱ्या नावाची गोळी वर घेतली जाते, आणि तिच्यातही पॅरासिटामॉल असते किंवा त्याच जातीचे दुसरे वेदनाशामक असते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक, नायमेसुलाइड, हे सगळे एकाच कुळातले. यांतले एका वेळी एकच घ्यायचे.

झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवले की ठोके थोडे सौम्य होतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चूळ न भरता, मान तिरकी करून ते पाणी खड्ड्यावर अर्धा मिनिट धरावे आणि तोंड उघडून खाली पडू द्यावे. जेवणानंतर प्रत्येक वेळी असे केले की अडकलेले कण निघतात. एवढ्यानेही थोडी उसंत मिळते.

लवंग तेलाबद्दल मात्र सावध राहावे. दवाखान्यातल्या ड्रेसिंगमध्ये जे युजेनॉल असते तेच लवंग तेलात असते, त्यामुळे आराम पडतो हे खरे आहे. पण ते निव्वळ तेल कापसाला लावून खड्ड्यात दाबले की हिरडी आणि जीभ पोळते, कापसाचे धागे आत राहतात आणि ते पुढे जखम भरू देत नाहीत. दुखऱ्या जागी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणे त्याहून वाईट. तिने हिरडी पांढरी पडून जळते. मिश्री, तंबाखूची चिमूट, तुरटीची पूड यांपैकी काहीही खड्ड्यात जाता कामा नये. मिश्रीने ‘दुखणे मरते’ असा समज गावाकडे अजून घट्ट आहे, म्हणून हे स्पष्ट सांगितलेले बरे.

दवाखान्यात काय व्हायला हवे

आधी छोटा एक्स-रे. मुळाचा तुकडा राहिला आहे का, हाडाचा कपचा सुटला आहे का, हे त्यात दिसते. मग गरज पडल्यास भूल देऊन खड्डा कोमट सलाइनने हळुवार धुतात. क्लोरहेक्सिडिनची तोंड धुण्याची औषधे आपल्याकडे सर्रास वापरली जातात आणि दाढ काढण्याच्या आधी-नंतर त्यांच्या चुळा भरल्याने ड्राय सॉकेटचे प्रमाण घटते. पण उघडा खड्डा थेट त्यानेच धुण्याबाबत जपून राहावे, कारण ब्रिटनमध्ये तसे करताना तीव्र अ‍ॅलर्जी होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. क्लोरहेक्सिडिनची अ‍ॅलर्जी असल्याचे माहीत असेल तर खुर्चीत बसतानाच सांगावे. धुवायला सलाइन पुरते.

खड्डा खरवडून नवे रक्त काढण्याची जुनी पद्धत आता सुचवली जात नाही. खरवडल्याने आणखी हाड उघडे पडते आणि जी थोडी नवी ऊती आली असेल तीही जाते. धुऊन झाले की युजेनॉल असलेले ड्रेसिंग सैलसर ठेवतात. ते तयार लगद्याचे असेल किंवा औषधात भिजवलेल्या गॉजच्या पट्टीचे असेल. पट्टी असेल तर ती काढावीच लागते, विसरून चालत नाही, म्हणून निघताना विचारून घ्यावे: ‘हे आपोआप निघणार की काढायला यायचे, आणि कधी?’ काही ड्रेसिंगमध्ये आयोडोफॉर्म असते, तेव्हा आयोडीनची अ‍ॅलर्जी असल्यास तेही आधी सांगावे.

उदाहरणातल्या स्त्रीला शुक्रवारी सकाळी ड्रेसिंग बसल्यावर अर्ध्या तासात आकडा ८ वरून २ वर येईल. पण शनिवारी रात्री तो पुन्हा ४ झाला तर घाबरायचे नाही. औषधाचा जोर ओसरतो, म्हणून ड्रेसिंग एक-दोन दिवसांनी बदलावे लागते. बहुतेकांना दोन-तीन वेळा बदलणे पुरते आणि एकूण दुखणे पाच ते दहा दिवसांत संपते. दुखणे गेल्यावर ड्रेसिंग चालू ठेवायचे नसते, कारण खड्ड्यात राहिलेली कुठलीही बाहेरची वस्तू जखम भरणे लांबवते. त्यानंतर दंतवैद्य सांगतील तेव्हापासून, सुई काढून टाकलेल्या ५ किंवा १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये कोमट मीठपाणी भरून जेवणानंतर खड्डा हलक्या धारेने धुवावा. टोक आत खुपसायचे नाही. खड्डा बुजून त्यात अन्न साचेनासे होईपर्यंत हे करायचे.

ड्रेसिंग ही एक प्रकारे परीक्षासुद्धा आहे. ते नीट बसवूनही एक-दोन दिवसांत काहीच फरक पडला नाही, तर निदान चुकले असण्याची शक्यता धरून पुन्हा पाहायला सांगावे. आणि ताप-सूज-पू नसताना चिठ्ठीवर अँटिबायोटिक दिसले, तर ते कशासाठी आहे हे निःसंकोच विचारावे. मधुमेह फार वाढलेला असणे, स्टेरॉइड चालू असणे, केमोथेरपी सुरू असणे अशी कारणे असू शकतात. तसे काही नसेल, तर फक्त ड्राय सॉकेटसाठी ते घेऊन जुलाब आणि अ‍ॅलर्जीचा धोकाच तेवढा पदरी पडतो.

इन्फेक्शन असेल तर

इथेही नुसती गोळी पुरत नाही. साचलेला पू बाहेर काढणे, खड्डा धुणे, राहिलेले मूळ किंवा सुटलेले हाड काढणे हा उपचाराचा मुख्य भाग आहे आणि अँटिबायोटिक त्याच्या जोडीला असते. पू कोंडलेला असेल तर औषध तिथपर्यंत नीट पोहोचतच नाही. सहसा अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले जाते, कधी त्यासोबत मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम तीनदा. हे आकडे चिठ्ठी समजावी यासाठी दिले आहेत, स्वतः सुरू करण्यासाठी नाहीत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर अमॉक्सिसिलिन चालत नाही. मेट्रोनिडाझोल घेताना दारू टाळावी, आणि वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर त्याचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

अँटिबायोटिक सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ताप आणि सूज उतरायला लागली पाहिजे. नाही उतरली तर पाकीट संपायची वाट न पाहता परत जावे. बाहेरून गरम पिशवीने शेकून ‘पू पिकवण्याचा’ प्रयत्न करू नये. डॉक्टरांना न दाखवता शेक घेत बसल्याने वेळ जातो, आणि या आजारात वेळच महत्त्वाची असते.

खालच्या शेवटच्या दाढांची मुळे जिभेच्या बाजूला, जबड्याच्या आतल्या स्नायूच्या जोडणीच्या खालपर्यंत जातात. त्यामुळे तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी जबड्याखालच्या मोकळ्या जागेत उतरू शकतो, आणि तिथून जिभेखाली व गळ्याकडे. पुढच्यापैकी एक जरी दिसले तरी रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचे, महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते:

- जीभ वर उचलल्यासारखी वाटणे किंवा जिभेखालचा भाग कडक आणि फुगलेला लागणे
- थुंकी गिळता न येणे, लाळ गळणे, आवाज घोगरा किंवा तोंडात घास असल्यासारखा येणे
- आडवे पडल्यावर श्वास कोंडणे
- सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंना किंवा मानेत पसरणे, वरच्या दाढेबाबत डोळ्याच्या पापणीपर्यंत येणे
- तोंडात एकही बोट न मावणे
- तापासोबत गुंगी, बरळणे, खूप जोरात धडधडणे

अशा वेळी वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण पोहोचल्यावर भूल द्यावी लागू शकते. रुग्णाला आडवे न झोपवता बसवून न्यावे. दाढ कधी काढली, कोणत्या गोळ्या कधी घेतल्या, याचा तो कागद बरोबर ठेवावा.

दोन्हींत न बसणारे

कधी उत्तर या दोन्हींत नसते. जिभेला टोचणारा टणक कोपरा लागतो आणि दुखणे फक्त तिथेच असते, तो बहुधा हाडाचा कपचा असतो. तो आपोआप बाहेर पडतो किंवा दंतवैद्य एका मिनिटात काढतात. दुखणे गार-गरमने उसळत असेल तर शेजारचा दात तपासावा. तिसऱ्या आठवड्यात काही कडक चावताना कट् असा आवाज होऊन एकदम दुखू लागले, दात एकमेकांवर पूर्वीसारखे बसेनात, तर जबड्याला तडा गेला असण्याची शक्यता असते, कारण मोठी अक्कलदाढ काढल्यावर तिथला जबडा काही आठवडे कमजोर असतो. खालचा ओठ किंवा हनुवटी नव्याने बधिर होणे हेही लगेच सांगण्यासारखे लक्षण आहे.

हाडांच्या ठिसूळपणासाठी अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड घेतलेल्यांनी आणि जबड्याला किरणोपचार झालेल्यांनी उघडे हाड दिसल्यावर ते साधा ड्राय सॉकेट समजू नये. त्यांच्यात हाडच निर्जीव होऊ शकते आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

खड्ड्यावर हिरडीचे आवरण तीन-चार आठवड्यांत येते, आत हाड भरायला काही महिने लागतात. चार आठवड्यांनंतरही खड्डा उघडाच आहे, कडा उंच आणि कडक झाल्या आहेत, हात लावला की रक्त येते, किंवा आतून मांसासारखे काही वाढते आहे, तर तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारीची सवय असलेल्यांनी तिसऱ्यांदा ड्रेसिंग किंवा चौथ्यांदा अँटिबायोटिक घेत बसू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत तोंडाच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे. तिथे किंवा जवळच्या तोंडाच्या शल्यविशारदांकडे जाऊन त्या जागेचा तुकडा तपासायला देण्याबद्दल स्वतःहून विचारावे.